पासवर्ड तोच, नाव नवे: एका अडलेल्या वाय-फाय जोडणीचा अभ्यास

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासिकेत मी गेली काही वर्षे नेटवर्कची देखभाल करतो. तिथे एका कोपऱ्यात, जुन्या प्रश्नपत्रिका आणि टिपणांच्या फायली ठेवलेला रास्पबेरी पाय हा एक छोटा संगणक आहे. तो वाय-फायवरूनच जोडलेला असतो आणि विद्यार्थी आपापल्या मोबाइलवरून त्यातल्या फायली उघडतात. शेजारच्या इमारतीतल्या एका नेटवर्कचे नाव आमच्यासारखेच असल्याने गोंधळ होऊ लागला, म्हणून आम्ही आमच्या वाय-फायचे नाव `Abhyasika` ऐवजी `Abhyasika-Vachan` असे केले. पासवर्ड मुद्दाम तोच ठेवला, म्हणजे साठ-सत्तर जणांना पुन्हा सांगत बसायला नको. विद्यार्थ्यांनी नवे नाव निवडले, जुनाच पासवर्ड टाकला आणि सगळे मोबाइल जोडले गेले. पाय मात्र जोडला जाईना. त्याच्या सेटिंगच्या फायलीत मी नवे नाव घातले होते, दोनदा अक्षर न् अक्षर तपासलेही होते. अभ्यासिकेचे काम पाहणारे काका म्हणाले, “अहो, पासवर्ड तर तोच आहे ना? मग यालाच काय झालं?” प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर शोधताना वाय-फायच्या जोडणीतला सर्वांत देखणा भाग नीट उलगडून पाहावा लागला.

पायवरच्या `wpa_supplicant` या प्रोग्रामच्या नोंदीत दर प्रयत्नानंतर ही एकच ओळ उमटत होती:

```
WPA: 4-Way Handshake failed - pre-shared key may be incorrect
```

या ओळीतल्या `may be` या दोन शब्दांकडे लक्ष द्यायला हवे, कारण ते सौजन्याने घातलेले नाहीत. डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या सुरक्षापद्धतीने होणाऱ्या जोडणीत पासवर्ड चुकला आहे, असे राउटर कधीच सांगत नाही, कारण पासवर्ड त्याच्याकडे पाठवलाच जात नाही. चार संदेशांची देवघेव अर्ध्यात तुटली, एवढेच उपकरणाला दिसते आणि त्यावरून ते अंदाज बांधते. सिग्नल कमकुवत असल्याने संदेश हवेतच हरवले, तरी हीच ओळ येऊ शकते. म्हणून नोंदीवर विसंबून न राहता हवेतली देवघेव प्रत्यक्ष पाहायचे ठरवले. एका लॅपटॉपचे वाय-फाय कार्ड मॉनिटर मोडमध्ये, म्हणजे आसपासचे सगळे संदेश नुसते ऐकण्याच्या अवस्थेत टाकले, ते राउटरच्या चॅनेलवर स्थिर केले आणि टिपलेले संदेश उलगडून दाखवणाऱ्या वायरशार्क या प्रोग्राममध्ये फक्त या देवघेवीचे संदेश दाखवणारे `eapol` हे गाळणे लावून पायला पुन्हा जोडायला सांगितले.

पडद्यावर जे उमटले ते असे होते: राउटरकडून `Message 1 of 4`, पायकडून `Message 2 of 4`, मग पुन्हा राउटरकडून पहिला, पुन्हा पायकडून दुसरा. असे चार वेळा झाले. प्रत्येक फेरीत `Replay Counter` हा आकडा एकेकाने वाढत होता आणि पायचे उत्तर त्याच आकड्यासह परत येत होते. तिसरा संदेश एकदाही आला नाही. चौथ्या फेरीनंतर राउटरने जोडणी तोडली आणि कारणाचा क्रमांक दिला १५, म्हणजे चार संदेशांची देवघेव वेळेत पूर्ण झाली नाही. इथेच सिग्नलची शंका मिटली. दुसरा संदेश हवेत हरवत असता, तर राउटरकडून त्याची पोच दिसली नसती. इथे मात्र गाळणे काढून पाहिले तर प्रत्येक दुसऱ्या संदेशामागोमाग पोच दिसत होती. संदेश पोहोचत होता, वाचला जात होता आणि तरीही नाकारला जात होता. राउटर तो का नाकारतो, हे समजण्यासाठी त्या दुसऱ्या संदेशाआधी दोन्ही बाजूंनी काय गणित झालेले असते ते पाहावे लागते.

पहिली पायरी हवेत काही जाण्याच्या कितीतरी आधीची आहे. आपण टाकतो तो ८ ते ६३ अक्षरांचा पासफ्रेज थेट किल्ली म्हणून वापरला जात नाही. तो आणि नेटवर्कचे नाव एकत्र घेऊन त्यांच्यावर पीबीकेडीएफ२ नावाची प्रक्रिया चालवतात, जिच्यात एचमॅक-शा१ हे हॅशगणित ४,०९६ वेळा स्वतःच्याच उत्तरावर पुन्हा पुन्हा लावले जाते. शा१चे उत्तर १६० बिटांचे असते आणि आपल्याला २५६ बिट हवे असतात, म्हणून हा सगळा फेरा दोनदा करावा लागतो. हाती येते ती ३२ बाइटांची मुख्य किल्ली, जिला पीएमके म्हणतात. लिनक्सवर ती कोणालाही काढून पाहता येते. वाय-फायच्या सुरक्षेचे जे ८०२.११आय मानक २००४ मध्ये आले, त्यातल्याच नमुन्याचे नाव आणि पासवर्ड घेतले तर उत्तर असे येते:

```
$ wpa_passphrase IEEE password
network={
    ssid="IEEE"
    #psk="password"
    psk=f42c6fc52df0ebef9ebb4b90b38a5f902e83fe1b135a70e23aed762e9710a12e
}
```

या गणितात नेटवर्कचे नाव मिठासारखे मिसळलेले आहे आणि क्रिप्टोग्राफीत त्याला म्हणतातही सॉल्टच. पासवर्ड तोच ठेवून नाव एका अक्षराने बदलले, तरी ६४ आकड्यांची ही माळ पूर्णपणे वेगळी येते. जुनीशी तिचे काही नाते उरत नाही. असे करण्यामागे कारण आहे. नाव मिसळले नसते, तर एखाद्याने लाखो प्रचलित पासवर्डांच्या किल्ल्या एकदाच काढून ठेवल्या असत्या आणि तीच यादी जगातल्या प्रत्येक राउटरवर चालवली असती. आता त्याला दर नावासाठी नवी यादी करावी लागते.

पायची सेटिंगची फाइल पुन्हा उघडली तेव्हा उत्तर समोरच होते. `psk=` पुढे अवतरणचिन्हांत पासवर्ड नव्हता, ६४ आकड्यांची माळ होती. काही वर्षांपूर्वी पासवर्ड उघडा लिहून ठेवणे नको म्हणून मीच `wpa_passphrase` चालवून ती माळ तिथे चिकटवली होती. त्या फायलीत अवतरणचिन्हांत मजकूर दिला तर प्रोग्राम तो पासफ्रेज समजून नवी मुख्य किल्ली काढतो. अवतरणाशिवाय माळ दिली तर तीच तयार किल्ली समजून पुढे जातो आणि नेटवर्कच्या नावाकडे त्या कामासाठी पाहतच नाही. मोबाइलांनी पासवर्ड आणि नवे नाव यांच्यावरून नवी मुख्य किल्ली काढली होती. पाय मात्र `Abhyasika` या जुन्या नावाची किल्ली घेऊन `Abhyasika-Vachan` च्या दाराशी उभा होता. जाता जाता हेही नोंदवायला हवे की त्या माळेमुळे त्या नेटवर्कपुरती सुरक्षितता काहीच वाढली नव्हती, कारण ज्याच्या हाती मुख्य किल्ली पडते त्याला पासवर्डाची गरजच उरत नाही.

आता प्रश्न उरतो तो राउटरने ही चूक ओळखली कशी, हा. राउटरकडे त्याची खरी मुख्य किल्ली आहे, पायकडे चुकीची आहे आणि दोघांपैकी कोणीही आपली किल्ली, तिचा तुकडा किंवा तिचा साधा हॅशही हवेत टाकत नाही. तरीही अवघ्या दोन संदेशांत निकाल लागतो.

पहिल्या संदेशात राउटर ३२ बाइटांची एक यादृच्छिक संख्या पाठवतो, जिला एनॉन्स म्हणतात. ती पूर्णपणे उघडी असते आणि तिच्यावर कोणताही शिक्का नसतो, कारण शिक्का मारायला लागणारी सामाईक किल्ली अजून तयारच झालेली नाही. पाय आपली स्वतःची ३२ बाइटांची यादृच्छिक संख्या काढतो, तिचे नाव एसनॉन्स. आता पायकडे पाच गोष्टी आहेत: मुख्य किल्ली, दोन्ही यादृच्छिक संख्या आणि दोन्ही उपकरणांचे मॅक पत्ते. यांच्यावरून तो या बैठकीपुरती किल्ली काढतो, जिला पीटीके म्हणतात:

```
PTK = PRF-384(PMK, "Pairwise key expansion",
              min(AA,SPA) || max(AA,SPA) ||
              min(ANonce,SNonce) || max(ANonce,SNonce))
```

`AA` हा राउटरचा पत्ता आणि `SPA` हा पायचा. लहान आधी आणि मोठा नंतर असा क्रम का, असे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते. कारण साधे आहे: दोन टोकांना बसलेल्या दोघांनी एकमेकांना न विचारता त्याच क्रमाने तीच माळ ओवली पाहिजे, आणि लहान-मोठे ठरवायला कोणालाच विचारावे लागत नाही. या सूत्रातली एकच गोष्ट गुप्त आहे, ती म्हणजे मुख्य किल्ली. बाकी सगळे हवेत उघडे पडलेले असते.

दोन्ही बाजूंनी आपापली संख्या घालण्यातच या रचनेचे मर्म आहे. समजा, ताजेपणाची जबाबदारी एकट्या राउटरवर असती, तर एखाद्याला कालच्या बैठकीतला राउटरचा संदेश टिपून ठेवून आज तोच पायपुढे वाजवता आला असता आणि पाय बिचारा कालचीच किल्ली पुन्हा वापरायला लागला असता. दोघेही आपापली नवी संख्या आणतात, म्हणून समोरच्याच्या प्रामाणिकपणावर विसंबून राहावे लागत नाही. माझी संख्या नवी आहे एवढे मला माहीत असले, की निघणारी किल्लीही नवी असणार याची मला खात्री असते. पासवर्ड वर्षानुवर्षे तोच राहतो, मुख्य किल्लीही तीच राहते, पण दर जोडणीला ३८४ बिटांची ही बैठकीची किल्ली पूर्ण नवी येते.

ती ४८ बाइटांची किल्ली पुढे १६ बाइटांच्या तीन तुकड्यांत वाटली जाते. पहिला तुकडा संदेशांवर शिक्का मारायचा, दुसरा चालू देवघेवीत इतर किल्ल्या गुंडाळून पाठवायचा आणि तिसरा प्रत्यक्ष माहिती कुलूपबंद करायचा. दुसऱ्या संदेशात पाय आपला एसनॉन्स उघडा पाठवतो आणि संपूर्ण संदेशावर पहिल्या तुकड्याने काढलेला १६ बाइटांचा शिक्का, म्हणजे मिक, लावतो. वायरशार्कमध्ये तो `WPA Key MIC` या नावाने दिसतो. एसनॉन्स हाती येताच राउटरही तेच सूत्र चालवतो, आपली किल्ली काढतो, आलेल्या संदेशातील शिक्क्याची जागा शून्यांनी भरून स्वतः शिक्का काढतो आणि दोन शिक्के ताडून पाहतो. ते जुळले तर समोरच्याकडे तीच मुख्य किल्ली आहे, हे सिद्ध होते. न जुळले तर संदेश गुपचूप टाकून दिला जातो. आमच्या पायचा प्रत्येक दुसरा संदेश याच ठिकाणी मरत होता. शिक्का न जुळलेला संदेश कोणीही उपटसुंभ पाठवू शकतो, त्यामुळे अशा संदेशावरून राउटरने लगेच जोडणी तोडणे बरोबर ठरले नसते. तो आपला पहिला संदेश पुन्हा पाठवून खऱ्या उत्तराची वाट पाहतो आणि शेवटी थकून १५ क्रमांकाचे कारण देतो. पडद्यावर दिसलेली एक-दोन, एक-दोन अशी लय ती हीच.

फायलीतली माळ काढून तिथे अवतरणचिन्हांत पासवर्ड लिहिला आणि पाय पुन्हा सुरू केला. या वेळी दुसऱ्या संदेशापाठोपाठ तिसरा आला. हा संदेश राउटरची परीक्षा असतो. आतापर्यंत फक्त पायने स्वतःला सिद्ध केले होते; पहिला संदेश तर त्याच नावाचे खोटे राउटर उभे करणारा कोणीही पाठवू शकतो. तिसऱ्या संदेशावर राउटरचा शिक्का असतो आणि तो मारण्यासाठी त्यालाही मुख्य किल्ली माहीत असावी लागते. शिवाय त्यात, सर्वांना मिळून जाणाऱ्या संदेशांसाठीची सामाईक किल्ली दुसऱ्या तुकड्याने गुंडाळून दिलेली असते. राउटरने आपल्या बीकनमध्ये, म्हणजे स्वतःची ओळख सतत जाहीर करणाऱ्या संदेशात, उघडपणे जाहीर केलेल्या सुरक्षापद्धतींची यादी इथे शिक्क्याखाली पुन्हा येते, त्यामुळे मधल्या कोणी ती हवेत बदलून कमकुवत पद्धत पुढे सरकवली असेल, तर ते इथे उघडे पडते. चौथ्या संदेशाने पाय पोच देतो आणि दोघेही तिसरा तुकडा कामाला लावतात. सगळे मिळून पाव सेकंदही लागला नाही.

मी पाय मुद्दाम आणखी एकदा तोडून जोडला आणि दोन्ही बैठकींचे संदेश शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पासवर्ड तोच, नाव तेच, मॅक पत्तेही तेच. पण `WPA Key Nonce` च्या दोन्ही माळा पहिल्या बाइटापासून वेगळ्या होत्या आणि शिक्केही वेगळे होते.

या ताजेपणाला एकदा मोठा तडा गेला होता, तो इथे सांगणे आवश्यक आहे. बेल्जियममधल्या केयू ल्यूवेन विद्यापीठातील मॅथी व्हानहूफ आणि फ्रँक पीसेन्स यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये दाखवून दिले की चौथा संदेश अडवून धरला, तर राउटर नियमाप्रमाणे तिसरा संदेश पुन्हा पाठवतो, आणि तो मिळताच अनेक उपकरणे तीच किल्ली नव्याने बसवून आपल्या माहितीच्या पाकिटांचा मोजणीचा आकडा पुन्हा सुरुवातीला नेतात. त्याच किल्लीखाली तोच आकडा दोनदा वापरला गेला, की कुलूपबंद माहितीचा पडदा फाटू लागतो. पासवर्ड यात कुठेही फुटत नव्हता आणि सूत्रातही खोट नव्हती. किल्ली ताजी काढली, पण ती एकदाच बसवायची हे अनेक प्रोग्रामांनी पाळले नव्हते. त्यावरचा उपायही तेवढाच नेमका होता: तीच किल्ली आधीच बसलेली असेल तर ती पुन्हा बसवायची नाही.

आमच्या प्रकरणात मला जास्त काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. माझ्या लॅपटॉपवर आता पहिले दोन संदेश जतन झाले होते. त्यात दोन्ही नॉन्स, दोन्ही पत्ते आणि शिक्का होता. सूत्रातली न दिसणारी गोष्ट फक्त मुख्य किल्ली. म्हणजे राउटर जे ताडून पाहतो, तेच कोणालाही घरी बसून, राउटरला न विचारता पाहता येते: एक पासवर्ड कल्पायचा, त्याची मुख्य किल्ली काढायची, तीवरून बैठकीची किल्ली आणि शिक्का काढायचा आणि टिपलेल्या शिक्क्याशी जुळतो का ते पाहायचे. ४,०९६ फेऱ्यांचा अडथळा आहे तो याच कामाला वेळ लागावा म्हणून, पण आजचे ग्राफिक्स कार्ड असे काही लाख अंदाज एका सेकंदात करते. आणि अभ्यासिकेचा पासवर्ड, आपल्याकडे सर्रास असतो तसा, एक मोबाइल क्रमांक होता. दहा आकडी आणि ६ ते ९ पैकी एका आकड्याने सुरू होणारे क्रमांक जास्तीत जास्त ४०० कोटी होतात. सेकंदाला ४ लाख अंदाज धरले, तर सगळे क्रमांक तपासायला १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास पुरतात. पासवर्ड पाठवला जात नाही हे अगदी खरे आहे, पण अंदाज बरोबर आहे की नाही हे पडताळण्याचे साधन मात्र दर जोडणीला हवेत सोडले जाते.

दुसरी मर्यादा याहून सरळ आहे. अभ्यासिकेतल्या प्रत्येकाला पासवर्ड माहीत आहे, म्हणजे प्रत्येकाला मुख्य किल्ली माहीत आहे. त्यांच्यापैकी कोणी दुसऱ्याची चार संदेशांची देवघेव टिपली, तर त्याला त्या दुसऱ्याच्या बैठकीची किल्ली काढता येते. वायरशार्कमध्ये पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव भरले, की तो हे आपण होऊन करतो; मी पायच्या बाबतीत करून पाहिले आणि जोडणीनंतर त्याने राउटरकडे मागितलेला आयपी पत्ता स्पष्ट वाचता आला. आधी सुरू झालेल्या आणि सुरुवात न टिपलेल्या बैठकीचे मात्र काहीच उलगडले नाही, कारण तिचे नॉन्स माझ्याकडे नव्हते.

या दोन्ही मर्यादांवर डब्ल्यूपीए२ नंतर आलेल्या डब्ल्यूपीए३ मधील एसएई पद्धत उपाय करते. तिच्यात पासवर्डावरून थेट मुख्य किल्ली काढत नाहीत. दोन्ही बाजू आधी एक वेगळी देवघेव करतात आणि तिच्यातून मुख्य किल्लीच दर वेळी नवी निघते. टिपलेल्या संदेशांवरून घरबसल्या पासवर्ड पडताळता येत नाही आणि पासवर्ड माहीत असलेल्या शेजाऱ्यालाही नुसते ऐकून दुसऱ्याची किल्ली काढता येत नाही. त्यानंतर चार संदेशांची देवघेव होते ती हीच, फक्त तिच्या मुळाशी असलेली मुख्य किल्ली शिळी नसते.

आमचा राउटर एसएई जाणतो, पण विद्यार्थ्यांचे बरेच मोबाइल जुने आहेत, म्हणून त्यावर दोन्ही पद्धती चालू ठेवल्या आहेत. पासवर्ड बदलून आता परस्परांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले आहेत. ते दाराजवळच्या फळ्यावर लिहिलेले असतात आणि कोणालाही पाठ करता येतात. पायच्या फायलीतही पासवर्डच लिहिला आहे, अवतरणचिन्हांत, आणि त्याच्या वरच्या ओळीत एक टिप्पणी आहे: `# नाव बदलले तरी चालेल, माळ चिकटवू नये`.